लॉग डिक्रिमेंटने डॅम्पिंग रेशो काढताना: आधी ऑफसेट, मग लॉग

टीई मेकॅनिकलची पोरं व्हायब्रेशनचं जर्नल घेऊन येतात तेव्हा फॉर्म्युला सगळ्यांचा बरोबर असतो, उत्तर मात्र एकाचं ०.३ टक्के, दुसऱ्याचं ०.८, तिसऱ्याचं थेट ४ टक्के, आणि पट्टी तीच, व्हाइस तोच. चूक गणितात नसतेच, ती असते गणिताच्या आधी आणि पीक मोजण्यात. म्हणून इथे एकच साधा सेटअप घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. बेंच व्हाइसमध्ये धरलेली ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, टोकाला अॅक्सिलरेशन मोजणारा MPU6050 सेन्सर, आणि लॅपटॉपवर उतरलेला डेटा. सेन्सर पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, पट्टी कुठल्याही स्टेशनरीत, त्यामुळे हे घरीही करता येतं.

फॉर्म्युला एवढाच:

δ = (1/n) · ln(x₀/xₙ)

ζ = δ / √(4π² + δ²)

δ म्हणजे लॉग डिक्रिमेंट, ζ म्हणजे झेटा, आपल्याला हवा तो डॅम्पिंग रेशो. x₀ म्हणजे ज्या पीकपासून मोजायला सुरुवात केली ते, xₙ म्हणजे त्यानंतर n सायकल झाल्यावरचं पीक. ζ अगदी लहान असेल तर ζ ≈ δ/2π चालतं, ०.१ पर्यंत फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहतो. त्या वर्गमुळाच्या भानगडीने कुणाचंच उत्तर बिघडलेलं मी पाहिलं नाहीये.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आत भागाकार आहे, त्यामुळे सेन्सरचा गेन चुकीचा असला तरी काही बिघडत नाही, वर-खाली दोन्हीकडे तोच आकडा असतो आणि कटतो. अॅक्सिलरेशन मोजा नाहीतर डिस्प्लेसमेंट मोजा, δ तोच येतो. पण ऑफसेट कटत नाही. आणि टोकाला आडव्या बसवलेल्या सेन्सरवर ग्रॅव्हिटीचा ९.८ चा ऑफसेट पहिल्या सेकंदापासून असतो.

१. पट्टी धरणं

साधारण २५ सेंटीमीटर बाहेर ठेवा, बाकीची ५ सेंटीमीटर व्हाइसच्या जबड्यात. जबड्यात रबर, कागद, फडकं काही घालू नका. पट्टीवर ओरखडे पडू नयेत म्हणून पोरं रबराचा तुकडा घालतात आणि मग त्या रबराचं डॅम्पिंग मोजून येतात. जबडे पुसून घ्या, ग्रीस असेल तर काढा, आणि व्हाइस स्वतः टेबलाला बोल्टने घट्ट आहे का ते हलवून बघा.

१ मिलीमीटर जाडीच्या नुसत्या पट्टीची फ्रिक्वेन्सी २५ सेंटीमीटरला साधारण १३ हर्ट्झ येते. टोकाला सेन्सर लावला की ती उतरते, आपल्या केसमध्ये ११.२ हर्ट्झ आली. टोकाला तीन-चार ग्रॅमनेसुद्धा एवढा फरक पडतो, कारण पट्टीचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास असलं तरी टोकाशी त्याचा परिणाम त्याच्या साधारण चौथ्या भागाएवढाच असतो.

आता वायर. सेन्सरच्या चार जंपर वायर टोकापासून हवेत लोंबत सोडल्या तर त्या पट्टीबरोबर फडफडतात आणि एनर्जी खातात. बारीक वायर घ्या, पट्टीला चिकटवून टेपने मुळापर्यंत आणा आणि व्हाइसपाशी सोडा. तरीही थोडं डॅम्पिंग वाढतंच, ते लक्षात ठेवून चालायचं.

> तपासा: पंखा बंद. खिडकीतून वारा येत असेल तर खिडकी बंद. टेबल रस्त्याच्या भिंतीला लागून असेल तर बस गेली की बेसलाइन हलते, ते आधी सेन्सर नुसता ठेवून बघून घ्या.

२. सेन्सरची सेटिंग

इथे दोन गोष्टी चुकतात आणि दोन्ही गुपचूप चुकतात.

पहिली, रेंज. MPU6050 सुरू होतो तेव्हा ±२ जी वर असतो, म्हणजे १९.६ मीटर प्रति सेकंद वर्ग. ११.२ हर्ट्झला टोक फक्त २.४ मिलीमीटर हललं तरी अॅक्सिलरेशन १२ च्या आसपास जातं, त्यात ग्रॅव्हिटीचे ९.८ मिळवा, झाले २१.८. म्हणजे वरचं पीक कापलं गेलं. खालचं मात्र शाबूत राहतं, म्हणून ग्राफ लांबून बघितला तर बराच ठीक दिसतो. रेंज ±४ जी करा आणि पट्टी ४ मिलीमीटरपेक्षा जास्त ओढू नका.

दुसरी, सॅम्पलिंग. १०० हर्ट्झने घेतलं तर ११.२ हर्ट्झच्या एका सायकलमध्ये जेमतेम नऊ पॉइंट येतात, आणि खरं पीक दोन पॉइंटच्या मधोमध पडलं तर तुम्ही ते ६ टक्क्यांनी कमी वाचता. आपल्या पट्टीचं पीक एका सायकलमध्ये उतरतंच ५ टक्के! म्हणजे जे मोजायचंय त्याच्यापेक्षा मोजण्यातली चूक मोठी झाली. ५०० हर्ट्झला हीच चूक पाव टक्क्यावर येते. तेव्हा ५०० ठेवा, आणि सिरियलचा बॉड रेट ११५२०० करा, कारण ९६०० वर वेळ आणि रीडिंग अशी पंधरा अक्षरांची ओळ पाठवली तर सेकंदाला ६४ ओळींच्या वर काही जातच नाही, मग सेन्सर कितीही पळवा.

सेन्सरच्या आतला लो पास फिल्टर ४४ हर्ट्झला लावला तर चालेल. त्याने पीक जरासं खुजं होतं पण सगळी पीक्स सारख्याच प्रमाणात खुजी होतात, आणि प्रमाण कटतं हे वर बघितलंच.

> तपासा: फाइलमधल्या वेळेच्या कॉलममधून प्रत्यक्ष सॅम्पलिंग रेट काढा. कोडमध्ये ५०० लिहिलंय म्हणून ५०० मिळालं असं धरू नका.

३. डेटा घेणं

रेकॉर्डिंग आधी सुरू करा, मग टोक बोटाच्या नखाने ३-४ मिलीमीटर खाली दाबा, क्षणभर थांबा, आणि नख बाजूला सरकवून सोडा. टकटक मारू नका. मारलं की वरचे मोडही जागे होतात, पट्टीचा दुसरा मोड पहिल्याच्या सहापटीहून वर असतो आणि तो पहिल्या काही सायकलमध्ये पीकच्या डोक्यावर खाचा पाडतो.

आणि २० सेकंद थांबा. पोरं पाच सेकंदांत रेकॉर्डिंग बंद करतात कारण डोळ्याला पट्टी थांबलेली दिसते. सेन्सरला ती थांबलेली नसते. पुढच्या टप्प्यासाठी आपल्याला खरोखर शांत झालेली शेपटी हवीये, तिच्याशिवाय ऑफसेट कुठून आणणार.

४. ऑफसेट काढणं

शेवटच्या तीन सेकंदांची सरासरी घ्या आणि सगळ्या रीडिंगमधून वजा करा. ९.८१ वजा करू नका. या सेन्सरचं स्वतःचं शून्य थोडं सरकलेलं असतं, तो किंचित तिरका बसलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे शांत अवस्थेत ९.७४ आले. तर ९.७४ च वजा करायचे.

सगळ्या रेकॉर्डिंगची सरासरी घेऊन तीच वजा करायचा मोहही टाळा. सुरुवातीला बोटाने दाबून धरलेला भाग आणि अर्धवट सायकल त्यात येतात आणि सरासरी एका बाजूला ओढली जाते.

हे न करता पुढे गेलं की काय होतं ते पुढच्या टप्प्यात खऱ्या आकड्यांवर बघू.

५. पीक्स निवडणं आणि n मोजणं

सोडल्यानंतरची पहिली दहा सायकल सोडून द्या. म्हणजे एक सेकंदही जात नाही, पण तेवढ्यात वरचे मोड विरतात आणि नखाचा धक्काही संपतो. अकराव्या पीकला n = 0 म्हणा. हो, मधूनच सुरुवात केली तरी चालतं, गुणोत्तर कुठूनही घेतलं तरी तेच असतं, ते खरंखुरं एक्स्पोनेन्शियल असेल तर.

ही आपली रीडिंग, जागा वाचवायला दर पाचवं पीक:

| n | कच्चं पीक | ९.७४ वजा करून | ln |
|---|---|---|---|
| ० | २१.७० | ११.९६ | २.४८२ |
| ५ | १९.१२ | ९.३८ | २.२३९ |
| १० | १६.९८ | ७.२४ | १.९८० |
| १५ | १५.४३ | ५.६९ | १.७३९ |
| २० | १४.१३ | ४.३९ | १.४७९ |
| २५ | १३.२० | ३.४६ | १.२४१ |
| ३० | १२.४१ | २.६७ | ०.९८२ |

पहिलं आणि शेवटचं घेऊन: δ = ln(11.96/2.67)/30 = 0.0500, आणि ζ = 0.0080, म्हणजे ०.८ टक्के.

आता तेच कच्च्या आकड्यांवर करून बघा: ln(21.70/12.41)/30 = 0.0186, ζ = 0.0030. ज्या पोराचं ०.३ टक्के आलं होतं तो हाच. स्टीलचं डॅम्पिंग कमी असतं असं पुस्तकात वाचलेलं असल्यामुळे हा आकडा कुणाला खटकतही नाही.

४ टक्केवाला कुठून आला? त्याने वरच्यासारखंच टेबल केलं, पण पहिल्या कॉलममध्ये ०, १, २ … ६ असं लिहिलं. ओळी सात आहेत पण सायकल तीस आहेत, त्यामुळे त्याचा δ बरोब्बर पाचपट आला. n म्हणजे मधे गेलेली सायकल, टेबलातली ओळ नाही, पीक्सची संख्याही नाही. एकूण ३१ पीक्स असतील तर n तीस.

अजून दोन नेहमीच्या गफलती. वरची आणि खालची दोन्ही पीक्स एकाच रांगेत घेऊन प्रत्येकाला एक सायकल मोजलं की उत्तर अर्धं येतं, कारण वरच्या पीकपासून खालच्यापर्यंत अर्धंच सायकल असतं. आणि एक्सेलमध्ये LOG टाइप केलं की तो दहाच्या बेसचा असतो, हवा असतो LN. त्या चुकीने आपला ०.८ टक्क्यांचा झेटा ०.३५ होतो, म्हणजे ऑफसेट विसरलेल्या उत्तराच्या इतका जवळ की दोघंजण एकमेकांचं उत्तर जुळवून खूश होऊन जातात.

> तपासा: पीक अर्धं व्हायला किती सायकल लागली ते ग्राफवर बोटाने मोजा. ०.११ भागिले तो आकडा म्हणजे साधारण ζ. आपल्याकडे ११.९६ चं अर्धं ५.९८, ते चौदाव्या सायकलच्या आसपास होतं, 0.11/14 = 0.0079. कॅल्क्युलेटरचं उत्तर याच्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नका.

६. शेजारची दोन पीक्स का नकोत

पुस्तकातली आकृती शेजारशेजारची दोन पीक्स दाखवते, म्हणून सगळे तीच घेतात. या सेन्सरच्या रीडिंगमध्ये ०.०५ ची थरथर धरा. पहिलं पीक ११.९६, पुढचं खरं ११.३८, पण ते ११.३३ किंवा ११.४३ वाचलं जाऊ शकतं. पहिल्या केसमध्ये δ येतो ०.०५४, दुसऱ्यात ०.०४५. म्हणजे दहा टक्के इकडे नाहीतर तिकडे, एका बारीकशा थरथरीने. तीच ०.०५ ची चूक तिसाव्या पीकमध्ये झाली तर तिला तीसने भागलं जातं आणि δ मधला फरक टक्काभराचा राहतो.

मग शंभर सायकलपर्यंत का जाऊ नये? कारण तिथे पीकच थरथरीएवढं झालेलं असतं. दोनच पीक्स वापरायची असतील तर दुसरं पीक पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश झालं की थांबायचं, चूक तिथे सगळ्यात कमी असते. आपल्याकडे ते बाविसाव्या सायकलला येतं.

पण दोनच का वापरायची, सगळी हाताशी आहेत तर. n आडवा, ln उभा, सरळ रेषा बसवा, तिचा उतार म्हणजे उणे δ. वरच्या सात पॉइंटवर बसवली तर उतार −०.०५०० येतो. पायथॉनमध्ये, फाइल सोडल्याच्या क्षणापासून कापलेली आहे आणि वेळ सेकंदात आहे असं धरून:

```python
import numpy as np
from scipy.signal import find_peaks

t, a = np.loadtxt("run1.csv", delimiter=",", unpack=True)
x = a - a[t > t[-1] - 3].mean()
fs = 1 / np.median(np.diff(t))
p, _ = find_peaks(x, height=0.5, distance=int(0.7 * fs / 11.2))
p = p[10:41]
n = np.arange(len(p))
m, c = np.polyfit(n, np.log(x[p]), 1)
d = -m
print(d, d / np.hypot(2 * np.pi, d))
```

त्यातला `distance` महत्त्वाचा. तो नसेल तर पीकच्या डोक्यावरची थरथर दोन पीक्स म्हणून मोजली जाते, n वाढतो आणि झेटा घसरतो. आणि 11.2 च्या जागी तुमच्या पट्टीची फ्रिक्वेन्सी घाला.

> तपासा: `np.diff(t[p])` छापा. सगळे आकडे ०.०८९ सेकंदांच्या आसपास हवेत. मधेच एखादा ०.१७८ दिसला तर एक पीक सुटलंय.

७. रेषा सरळ आहे का बघणं

ही पायरी सगळे गाळतात कारण उत्तर तर आधीच मिळालेलं असतं. पण फिट कशावरही बसतो, वाकड्या पॉइंटवरसुद्धा, आणि निमूटपणे एक δ देऊन मोकळा होतो. तेव्हा पॉइंट आणि रेषा एकत्र काढून डोळ्याने बघा, आणि हेच खालच्या पीक्सचंही करा, म्हणजे `-x` वर तोच कोड चालवा.

वरच्या पीक्सची रेघ शेवटाकडे सपाट होत चाललीये आणि खालच्यांची शेवटाकडे खाली कोसळतेय, किंवा उलटं, म्हणजे दोघी एकमेकींपासून फाकतायत, तर ऑफसेट अजून नीट गेलेला नाही. एका बाजूच्या प्रत्येक पीकमध्ये काहीतरी जास्तीचं राहिलंय आणि तेवढंच दुसऱ्या बाजूला कमी पडतंय. पीक मोठं असताना ते दिसत नाही, लहान झालं की दिसतं. चौथ्या टप्प्यावर परत जा. ऑफसेट सापडतच नसेल, शेपटी रेकॉर्ड झालीच नसेल, तर प्रत्येक वरच्या पीकमधून त्याच्या लगेच पुढचं खालचं पीक वजा करा आणि ते अंतर x म्हणून वापरा. त्यात ऑफसेट आपोआप जातो आणि δ बदलत नाही.

दोन्ही रेघा सारख्याच वाकतायत तर मात्र तो तुमच्या गणिताचा दोष नाही, पट्टीच तशी वागतेय. शेवटाकडे दोन्ही जास्त जास्त खाली वाकल्या तर कुठेतरी कोरडं घर्षण आहे, बहुतेक जबड्यात पट्टी किंचित सरकतेय. कोरड्या घर्षणात पीक दर सायकलला ठरावीक टक्क्याने कमी न होता ठरावीक आकड्याने कमी होतं, म्हणून लहान पीकला ते जास्त जाणवतं. व्हाइस आवळा, परत घ्या. सुरुवातीला उतार तीव्र आणि नंतर मंद, दोन्हीकडे सारखंच, असं असेल तर मोठ्या हालचालीला हवेचा विरोध जास्त पडतोय, ओढायचं अंतर कमी करा. आणि फक्त शेवटचे पाच-सहा पॉइंट सपाट झाले असतील तर तिथे तुम्ही थरथर मोजताय, ते पॉइंट काढून टाका.

वाकलेल्या रेषेतून एकच झेटा काढून लिहिण्यात अर्थ नाही. घर्षणाच्या केसमध्ये ती संख्या तुम्ही कुठली पीक्स घेतली त्यावर बदलत राहते, आणि शेजारच्या बॅचचं उत्तर वेगळं आलं की वाद घालत बसायचं.

८. परत घेणं आणि लिहिणं

व्हाइसला हात न लावता पाच वेळा घ्या. मग व्हाइस सोडून, पट्टी काढून, परत त्याच खुणेवर बसवून अजून पाच वेळा. पहिल्या पाचांत आकडे जवळजवळ असतात, दुसऱ्या पाचांतही असतात, पण दोन गटांत एकमेकांत फरक पडतो, आणि हा फरक बहुतेक वेळा आतल्या फरकापेक्षा मोठा निघतो. तोच तुमच्या उत्तराचा खरा पल्ला, फिटने दिलेला बारीकसा एरर नव्हे.

जर्नलमध्ये "स्टीलचा डॅम्पिंग रेशो ०.८ टक्के" असं लिहू नका, स्टीलचं स्वतःचं याच्यापेक्षा बरंच कमी असतं. तुम्ही मोजलंय ते पट्टी, जबडा, वायर, टेप आणि हवा या सगळ्यांचं मिळून. असं लिहा: पट्टी २५ सेंटीमीटर बाहेर, टोकाला सेन्सर, ११.२ हर्ट्झ, पीक अॅक्सिलरेशन १२ पासून २.७ पर्यंत, ३० सायकल, ζ = ०.००८०, आणि शेजारी परत बसवल्यावर किती बदललं तो आकडा. वायरचा वाटा किती असं व्हायव्हात विचारलं तर अंदाज सांगू नका. टेप काढून वायर लोंबती सोडून एक रन आधीच घेऊन ठेवा आणि दोन्ही रेघा एकाच ग्राफवर दाखवा.